गोदामातली शेवटची चादर

वाचकाचे पत्र

आमचे सोलापुरात चादरी-टॉवेलचे जुने दुकान आहे. दोन वर्षांपासून मी आमचा माल ऑनलाइन विकते. गेल्या 15 ऑगस्टला पहिल्यांदाच मार्केटप्लेसच्या भिवंडीच्या एफसीत, म्हणजे त्यांच्या गोदामात, माल ठेवला: 150 चादरी, 200 टॉवेल जोड्या, 200 नॅपकिन संच आणि 60 वॉल हँगिंग. एफसीतल्या मालाला जलद डिलिव्हरीचा बिल्ला मिळतो, म्हणून जास्त विकेल असे वाटले. फेब्रुवारीच्या सेटलमेंटमध्ये मात्र ‘लाँग टर्म स्टोरेज’ म्हणून 4,223 रुपये कापलेले दिसले. माझ्या रेट कार्डावर भाडे महिन्याला घनफुटाला 45 रुपये आहे, आणि 180 दिवसांपेक्षा जुन्या मालाला वर आणखी 100 रुपये. सासरे म्हणतात, माल दुकानात पडला काय नि तिकडे पडला काय, कधीतरी विकेलच. मला वाटते जो माल हळू विकतो तो एफसीत पाठवायचाच नाही, आणि जो पळतो तो भरपूर पाठवायचा. बरोबर आहे का? पुढच्या हंगामाला कोणता माल पाठवू? मापे, विक्री आणि नगामागे काय उरते त्याचा तक्ता सोबत जोडला आहे. (नाव देऊ नये.)

उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्ही तक्ता जोडलात हे फार बरे केले. या विषयावर मला येणाऱ्या बहुतेक पत्रांत फक्त बिलाचा आकडा असतो आणि मापे नसतात. मापांशिवाय यावर बोलता येत नाही, कारण एफसीचे भाडे नगावर नसते, वजनावरही नसते. तो नग फळीवर किती जागा अडवतो यावर असते. मी स्वतः काही वर्षे लोखंडी तवे ऑनलाइन विकले. तवा कुरिअरला महाग पडायचा, पण गोदामात त्याचे भाडे जाणवायचेही नाही. तुमच्या चादरीचे नेमके उलटे आहे. वजनाला बेताची, जागा मात्र ऐसपैस.

म्हणून पहिले काम मापाचे. पॅक केलेल्या नगाची लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन गुणाकार करा आणि त्याला 28,317 ने भागा. एका घनफुटात तेवढे घनसेंटीमीटर बसतात. तुमची चादर 38 बाय 30 बाय 12, म्हणजे 0.48 घनफूट. 45 रुपयांच्या दराने एका चादरीचे महिन्याचे भाडे 21 रुपये 74 पैसे होते. टॉवेल जोडीचे साडेदहा रुपये, वॉल हँगिंगचे पावणेचौदा, आणि सहा नॅपकिनच्या संचाचे पावणेसहाच्या आत. हे चार आकडे दुकानातल्या पाटीवर लिहून ठेवा. पुढचे सगळे यांच्यावरच उभे आहे.

आता त्या 4,223 रुपयांकडे बघू. 15 फेब्रुवारीला तुमच्या ऑगस्टच्या मालाचे वय 184 दिवस झाले होते. तेव्हा 42 चादरी, 49 वॉल हँगिंग आणि 30 टॉवेल जोड्या शिल्लक होत्या. त्यांची जागा मोजली की चादरींवर 2,029, हँगिंगवर 1,495 आणि टॉवेलवर 699 रुपये येतात. बिल बरोबर आहे, त्यात चूक नाही. या कापाकापीने तुमचे लक्ष वेधले ते चांगलेच झाले. पण चादरींवरचा मोठा खर्च याच्या आधीच होऊन गेला होता.

फक्त चादरी घेऊ. 150 पाठवल्यात. सहा महिन्यांत अनुक्रमे 10, 20, 30, 28, 14 आणि 6 विकल्या गेल्या, एकूण 108. मधल्या काळात दर महिन्याला सरासरी किती चादरी पडून होत्या ते मांडले तर 145, 130, 105, 76, 55 आणि 45 असे आकडे येतात. बेरीज 556. एकेका चादरीने एकेक महिना राहण्याचे 21.74 रुपये धरले तर साधे भाडेच 12,000 रुपयांच्या वर गेले. चादरीमागे भाडे सोडून तुम्हाला 90 रुपये उरतात, म्हणजे 108 चादरींचे 9,720. लाँग टर्मचा एक रुपयाही लागण्याआधी चादरींचा सगळा नफा भाड्यात गेला होता आणि वर अडीच हजारांच्या आसपास खिशातून गेले होते. हे दिसले नाही, कारण साधे भाडे दर महिन्याला कमिशन आणि शिपिंगच्या रांगेत मुकाट्याने कापले जाते. वेगळ्या नावाने आणि एकदम आलेले शुल्क तेवढे डोळ्यांत भरते.

सासऱ्यांचे म्हणणे इथे तपासून बघायला हवे. दुकानात पडलेली चादर महिन्याला वेगळे पैसे मागत नाही. जागा तुमचीच आहे आणि शिवाय ती चादर समोर आलेल्या गिऱ्हाइकाला विकता येते, नात्यातल्या लग्नाच्या आहेराला देता येते, दुसऱ्या साइटवर लावता येते. भिवंडीतली चादर यांपैकी काहीच करू शकत नाही. ती त्या एका मार्केटप्लेसच्या गिऱ्हाइकाची वाट बघत बसते आणि बसल्या जागी पैसे खाते. कधीतरी विकेलच हे सासऱ्यांचे म्हणणे खरे आहे. पण चौथा महिना उलटल्यावर विकलेल्या चादरीतून घरात काही येत नाही, कारण 90 भागिले 21.74 म्हणजे चारच महिने आणि थोडे दिवस.

तुमचा दुसरा समज, पळणारा माल भरपूर आणि हळू विकणारा अजिबात नाही, तुमच्याच आकड्यांवर घासून बघू.

प्रत्येक मालासाठी मी एक साधा भागाकार करते. एफसीतून विकल्यावर नगामागे जे उरते त्यातून घरून कुरिअर केल्यावर जे उरते ते वजा करायचे. आलेल्या फरकाला नगाच्या महिन्याच्या भाड्याने भागायचे. उत्तर महिन्यांत येते. तो नग एफसीत जास्तीत जास्त किती दिवस राहिला तर तिथे पाठवणे परवडले, हे त्यातून कळते. त्याच्या पुढे गेला तर तो घरी ठेवून ऑर्डर आल्यावर पाठवणे अधिक फायद्याचे होते.

चादरीला एफसीतून 90 आणि घरून 60 उरतात. फरक 30, भाडे 21.74. उत्तर दीड महिन्याच्याही आत, साधारण सहा आठवडे. नॅपकिनच्या संचाला एफसीतून 35 उरतात आणि घरून पाठवला तर कुरिअर जवळजवळ सगळे खाऊन फक्त 5 राहतात. फरक 30, भाडे पावणेसहा, म्हणजे पाच महिने. टॉवेल जोडीला 55 आणि 30, म्हणजे सव्वादोन-अडीच महिने. वॉल हँगिंगला 210 आणि 170, म्हणजे जवळपास तीन महिने.

बघा, तुमचा सर्वांत हळू विकणारा माल चादरीच्या दुप्पट काळ तिथे राहू शकतो. महिन्याला दोनच विकली जात असली तरी सहा हँगिंग पाठवायला काहीच हरकत नव्हती. अडचण त्या 60 ची होती. आणि हंगामात पळणारी चादर हाच माल एफसीत सर्वांत जपून पाठवण्याचा निघाला. म्हणून ‘कोणता माल पाठवू’ या प्रश्नापेक्षा ‘या मालाचा कितवा नग पाठवू’ हा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे. पहिल्या 30 चादरी भिवंडीत चार पैसे मिळवून देत होत्या. एकशे तिसावी चादर पाठवली त्या दिवशीच तोट्यात होती, कारण तिच्या आधी 129 विकल्या जाईपर्यंत तिला फळीवर थांबायचे होते. कोणताही माल पाठवताना खोक्यातल्या शेवटच्या नगाचा विचार करा: तो किती दिवसांनी विकला जाईल? ते दिवस वरच्या भागाकाराच्या आत बसत असतील तर पाठवा. नसतील तर खोके तिथेच बांधा आणि उरलेले नग दुकानात ठेवा.

यावर तुम्ही म्हणाल, पण बिल्ल्यामुळे विक्री वाढते ना, मग नुसता कुरिअरचा फरक कसा मोजता? हे बरोबर आहे, आणि त्यासाठी तुमच्या तक्त्यातला आणखी एक आकडा बघावा लागतो. मागच्या हिवाळ्यात 15 ऑक्टोबर ते 15 जानेवारी या तीन महिन्यांत घरून 50 चादरी गेल्या होत्या. या वेळी त्याच तीन महिन्यांत एफसीतून 72. म्हणजे 22 जास्त. सगळ्याच बिल्ल्यामुळे वाढल्या असे म्हणता येणार नाही, पण काही नक्की वाढल्या असणार. अशा वाढीव चादरीचे पूर्ण 90 रुपये एफसीच्या खात्यात धरता येतात. पण 72 पैकी 50 घरूनही गेल्याच असत्या, म्हणून मी मर्यादा सहा आठवड्यांच्या आसपासच ठेवते. वॉल हँगिंगचे बघा: एफसीत पाठवण्याआधी महिन्याला दोन, पाठवल्यावरही दोनच. भिंतीवर लावायची वस्तू घेणारा माणूस ती उद्याच हवी म्हणून घेत नाही. तो रंग बघतो, माप बघतो, भिंत मोजतो. तिथे बिल्ल्याने काही केले नाही.

आणि बिल्ल्याबद्दल आणखी एक. गिऱ्हाइकाला तो दिसायला एफसीत माल असावा लागतो, खूप माल असावा लागत नाही. 150 चादरी असताना जो बिल्ला होता तोच 15 चादरी असतानाही राहतो. जातो तो साठा शून्यावर आल्यावर. तेव्हा तुम्हाला राखायचे आहे ते एवढेच, की साठा संपू नये.

मग थोडा थोडा माल वारंवार पाठवायचा, तर वाहतूक वाढेल. किती वाढेल ते मोजू. ट्रान्सपोर्टचे खोक्यामागचे भाडे एकदम पाठवा की तुकड्यांत, तेवढेच राहते. वाढतो तो प्रत्येक खेपेचा ठरलेला खर्च: दुकानातून ट्रान्सपोर्टपर्यंतचा टेम्पो, बिल्टी, हमाली. तुम्ही तो 400 लिहिला आहे. हंगामात एका खेपेऐवजी सहा केल्या तर पाच खेपांचे 2,000 वाढले. त्याने एफसीतला साठा सरासरी 25 चादरींवर राहिला तर सहा महिन्यांचे भाडे 3,300 च्या आत येते. दोन्ही मिळून 5,300. गेल्या वेळी 12,000 गेले होते. शिवाय नॅपकिन आणि टॉवेल त्याच टेम्पोत जातील, त्यामुळे तो 400 चा खर्च एकट्या चादरींच्या डोक्यावर पडत नाही.

थोडा माल पाठवण्याचा दुसरा फायदा वयाच्या हिशेबात आहे, आणि तो बऱ्याच विक्रेत्यांना माहीत नसतो. मालाचे वय साधारणपणे ‘आधी आला तो आधी गेला’ या पद्धतीने मोजतात. कामगाराने फळीवरून प्रत्यक्षात कोणती चादर उचलली याला महत्त्व नसते. हिशेबात सर्वांत जुनी विकली गेली असे धरतात. म्हणून दर तीन आठवड्यांनी 20-25 चादरी जात राहिल्या आणि विकत राहिल्या तर साठ्याचे वय 180 दिवसांच्या जवळपासही जात नाही. तुमचे मार्केटप्लेस वय असेच मोजते का आणि महिन्याच्या कोणत्या तारखेला मोजते, हे त्यांच्या मदतीच्या पानावर एकदा वाचून घ्या.

पण इथे एक मेख आहे. वय प्रत्येक एसकेयूचे, म्हणजे साठ्याच्या नोंदीतल्या प्रत्येक वेगळ्या प्रकाराचे, वेगळे मोजले जाते, आणि तुमच्या टॉवेलचा प्रत्येक रंग हा वेगळा एसकेयू आहे. तुम्ही आठ रंगांच्या 25-25 जोड्या पाठवल्यात. सहा महिन्यांत 170 विकल्या, म्हणजे महिन्याला 28 च्या आसपास, हे ठीकच वाटते. रंगवार बघितले तर सहा रंग पूर्ण संपले आणि उरलेल्या 30 जोड्या तपकिरी आणि गडद मरून या दोनच रंगांच्या आहेत. पांढरा नि आकाशी ऑक्टोबरात संपला, तपकिरी अजून 17 आहे. ‘टॉवेल चालतो’ हे वाक्य पांढऱ्यासाठी खरे आहे, तपकिरीसाठी नाही. पुढच्या वेळी टॉवेल एक माल म्हणून मोजू नका. पांढरे आणि आकाशी दोन महिन्यांचे पाठवा. तपकिरी आणि मरूनचे तीन-तीन पाठवा किंवा दुकानातच ठेवा. चादरींच्या नक्षीलाही हेच लागू आहे.

आता मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट. ती कोणत्याच बिलात आली नाही, म्हणून तुमच्या पत्रातही नाही. नॅपकिनचे 200 संच 20 डिसेंबरला संपले. तोवर ते महिन्याला 47 च्या वेगाने जात होते. त्यानंतर 15 फेब्रुवारीपर्यंत एफसीत एकही नव्हता आणि घरून फक्त 12 गेले. त्याच वेगाने धरले तर पंचाहत्तर-ऐंशी संच विकायचे राहून गेले. संचामागे 35 रुपये, म्हणजे सत्तावीसशेच्या घरात नफा बुडाला. एकीकडे चादरी भाडे खात होत्या आणि दुसरीकडे ज्या मालासाठी एफसी खरोखर उपयोगाची आहे तो माल फळीवर नव्हता. लहान, स्वस्त, वर्षभर लागणारा आणि कुरिअरने परवडत नाही असा माल एफसीसाठीच असतो. तुमच्या यादीत तो नॅपकिन आहे. या आठवड्यात पाठवायचा पहिला माल तोच.

किती पाठवावा? भागाकार पाच महिने म्हणतो, पण मी दोन महिन्यांचा, म्हणजे 100 संच पाठवेन. पाच महिन्यांत दुसरा विक्रेता भाव पाडू शकतो, रिटर्न वाढू शकतात, लिस्टिंगला अडचण येऊ शकते. भागाकाराचे उत्तर ही शेवटची हद्द आहे, तिथपर्यंत जायलाच हवे असे नाही. पुन्हा कधी पाठवायचे हे ठरवायला तुमचा माल दुकानातून निघाल्यापासून एफसीत विक्रीला दिसेपर्यंत किती दिवस लागतात ते वहीत लिहा. ऑगस्टात तुम्हाला 9 दिवस लागले होते. दिवाळीच्या सेलच्या आधी एफसीच्या दारात माल उतरवून घ्यायला जास्त वेळ लागतो, म्हणून तेव्हा 15 धरा. नॅपकिन दिवसाला दीडच्या आसपास जातो. 15 दिवसांचे 23 आणि थोडे हाताशी म्हणून 12, असे 35 वर साठा आला की पुढची खेप बांधायची. चादरीला हंगामात दिवसाला एक, म्हणजे 15 आणि वर पाच-सहा. 20 वर आली की 25 पाठवा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यानंतर मात्र चादरीची खेप बंद. तेव्हा साठा संपू दिलात तरी चालेल, थंडी ओसरताना आलेली ऑर्डर घरून पाठवा.

आता भिवंडीत पडलेल्या मालाचे काय करायचे ते बघू, कारण तो दर महिन्याला पैसे मागतो आहे. आधीचे भाडे गेले, ते कोणत्याही निर्णयाने परत येणार नाही. ते मनातून काढा आणि इथून पुढचेच मोजा. 180 दिवस ओलांडलेली एक चादर आता घनफुटाला 145 रुपयांच्या दरात आहे, म्हणजे महिन्याला 70 रुपये. मार्च ते ऑगस्ट चादरी महिन्याला चार-पाच जातात. 42 चादरी तिथेच ठेवल्या तर शेवटच्या कितीतरी हिवाळ्यापर्यंत 70-70 रुपये देत राहतील. चार चादरी राहू द्या. उरलेल्या 38 परत मागवा. रिमूव्हल ऑर्डरचे शुल्क नगामागे असते, ते तुमच्या कार्डात बघा. ते 70 रुपयांपर्यंत असेल तर एका महिन्याच्या वाचलेल्या भाड्यातच फिटते. भाव कमी करून तिथेच विकण्याचा विचार तुमच्या मनात आला असेल. उन्हाळ्यात चादरीला मागणीच कमी असते, भाव 70 रुपयांनी उतरवून ती फार हलणार नाही. तोच उतार तपकिरी टॉवेलला द्या. टॉवेल उन्हाळ्यातही लागतो आणि जुन्या जोडीचे भाडे आता महिन्याला 34 रुपये आहे. तीस-पस्तीस रुपये कमी करून महिन्याभरात गेली तर ते पैसे नाहीतरी भाड्यात जाणारच होते. हँगिंगमधले तीन ठेवून 46 परत घ्या. घरून विकले तरी त्यांना 170 उरतातच.

रिमूव्हल ऑर्डर वयाची मोजणी होण्याच्या तारखेच्या आधी टाका. माल हातात यायला काही आठवडे लागू शकतात. ऑर्डर टाकलेल्या मालावर लाँग टर्म शुल्क लागते की थांबते, हे तुमच्या कार्डाच्या अटींत वाचा. परत येणारा माल तुम्ही बांधलेल्या खोक्यांत येत नाही. वेगवेगळ्या खोक्यांत, कधी दोन-तीन खेपांत येतो, म्हणून प्रत्येक खोके उघडून नग मोजून घ्या.

एफसीच्या अहवालात ‘विकण्याजोगा नाही’ असा रकाना असतो, तोही उघडा. गिऱ्हाइकाने पिशवी फोडून परत पाठवलेली चादर तिथे जाऊन बसते. ती विकली जात नाही, पण जागा अडवते आणि तिचेही भाडे चालू असते. तुमच्या तक्त्यात अशा 7 चादरी दिसतात आणि त्या वरच्या 42 मध्ये धरलेल्या नाहीत. त्या आधी परत मागवा. अशा मालाची रिमूव्हल ऑर्डर आपोआप निघावी अशी सोय तुमच्या पॅनेलवर असेल तर ती चालू करून टाका.

आणि घडीचा विचार करा. हा उपाय बिनखर्चाचा आहे, म्हणून मला तो फार आवडतो. चादर 38 बाय 30 बाय 12 ची होते, कारण पिशवी मोठी आहे आणि आत हवा राहते. एखादी चादर घट्ट घडी घालून, मध्ये पट्टा लावून, मापाच्या पिशवीत भरून बघा. 36 बाय 28 बाय 9 पर्यंत आली तर ती 0.32 घनफूट होते आणि महिन्याचे भाडे 21.74 वरून साडेचौदाच्या आत येते. सहा आठवड्यांची मुदत दोन महिन्यांवर जाते. टॉवेल मात्र दाबून बांधू नका, त्याच्या धाग्यांचे फासे दबतात आणि गिऱ्हाइकाला तो जुना वाटतो. नवे पॅकिंग गेल्यावर एफसीने नोंदवलेले माप बदलले का ते बघा. नोंद जुनीच राहिली तर भाडेही जुन्याच मापाने कापले जाईल, म्हणून फेरमोजणीची विनंती करा.

तुम्ही तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात विचारले आहे की हरियाणा आणि बेंगळुरूच्या एफसीतही माल ठेवू का. या वर्षी नको. भिवंडी महाराष्ट्रातच आहे, म्हणून तुमच्या जीएसटी नोंदणीत ती जागा ‘व्यवसायाचे अतिरिक्त ठिकाण’ म्हणून जोडून भागले. दुसऱ्या राज्यात माल ठेवायचा तर त्या राज्याची वेगळी नोंदणी लागते आणि स्वतःचाच माल तिकडे पाठवताना आयजीएसटी भरावा लागतो. पुढे त्याचे क्रेडिट मिळते, पण तोवर पैसा अडकतो. एका ठिकाणचा साठा हाताळण्याचा अंदाज बसेपर्यंत तीन ठिकाणी पसरू नका. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात 1 लाख रुपयांपर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही, त्यामुळे तुमच्या लहान खेपांना तो व्यापही नाही. खेपेबरोबर कागद मात्र पूर्ण असू द्या.

अमेरिकेतून विकणाऱ्या दोघा मराठी वाचकांनीही मागे असेच विचारले होते, त्यांच्यासाठी थोडे. तिथल्या अॅमेझॉनच्या 2024 च्या दरपत्रकात साधारण आकाराच्या मालाचे भाडे जानेवारी ते सप्टेंबर घनफुटाला 0.78 डॉलर आणि ऑक्टोबर ते डिसेंबर 2.40 डॉलर होते. जुन्या मालावरचा अधिभार 181व्या दिवसापासून घनफुटाला अर्ध्या डॉलरने सुरू होऊन वर्षानंतर 6.90 डॉलरपर्यंत चढत जायचा. म्हणजे दिवाळी-नाताळसाठी जुलैत भरून ठेवलेला माल ऐन हंगामात तिप्पट भाड्यात येतो. वरचा भागाकार त्यांनी ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी वेगळा करावा, मुदत तिपटीने कमी येईल.

ताई, चादरी परत आल्या की सासऱ्यांना घेऊन बसा आणि एकेक उघडून बघा. पिशवी फाटली असेल तर नवी घाला, त्याच वेळी नवी घडी करून माप घ्या. जिचा बारकोड शाबूत आहे ती पुढच्या खेपेसाठी वेगळ्या फळीवर लावा, बाकीच्या दुकानात मांडा. त्या फळीवरून भिवंडीला जाणारी पहिली खेप सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, 25 चादरींची.